गाडीत बसून पेट्रोलचे पैसे

इंग्लंडमधल्या पेट्रोल पंपावर गाडी थांबली की कुणी पुढे येत नाही. ‘झीरो बघा साहेब’ म्हणणारा माणूसच तिथं नसतो. आपणच उतरायचं, आपणच नोझल उचलायचं, टाकी भरायची, गाडी तिथंच कुलूप लावून ठेवायची आणि पैसे द्यायला दुकानात जायचं. दुकानात दूध, वर्तमानपत्रं आणि सँडविच घेणाऱ्यांची रांग असते. आपला नंबर आला की कॅशिअर विचारतो, ‘कितवा पंप?’ मागच्या सीटवर पट्ट्यांत बांधलेली दोन मुलं झोपलेली असतील, तर हा पाच मिनिटांचा फेरा नकोसा होतो. मुलांना उठवून न्यायचं की गाडीत ठेवून जायचं, हा प्रश्न तिथल्या तरुण आईबापांना दर आठवड्याला पडतो. गाडीतूनच अ‍ॅपनं पैसे देण्याची सोय मुख्यतः या फेऱ्यासाठी निघाली.

शेल कंपनीनं ब्रिटनमध्ये 2015 मध्ये ‘फिल अप अँड गो’ या नावानं ती सुरू केली. तेव्हा पैसे पेपॅलमधून जात. फेब्रुवारी 2017 मध्ये जॅग्वारनं शेलबरोबर आणखी एक पाऊल टाकलं. एक्सई, एक्सएफ आणि एफ-पेस या गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या पडद्यावरूनच पेट्रोलचे पैसे देता येऊ लागले आणि पावतीही त्याच पडद्यावर दिसू लागली. पाठोपाठ बीपीचं ‘बीपीमी’ आलं. आज बहुतेक लोक फोनवरचं अ‍ॅपच वापरतात. पडदा फोनचा असो की गाडीचा, आतली यंत्रणा जवळपास सारखीच आहे.

ती समजून घेताना एक गोष्ट आधी बाजूला काढून ठेवू. आपण बटण दाबतो तेव्हा पेट्रोलचे पैसे जात नाहीत. जातीलच कसे? किती लिटर भरणार हे तेव्हा आपल्यालाही ठाऊक नसतं. बटण दाबल्यावर दोन कामं होतात. बँक आपल्या खात्यातली एक रक्कम अडवून ठेवते आणि पंपाचं कुलूप उघडतं. खरी रक्कम नंतर ठरते आणि ती अ‍ॅप ठरवत नाही, पंपाचं मीटर ठरवतं.

रेडिंगला राहणाऱ्या माझ्या भाचीबरोबर हा प्रकार मी जवळून पाहिला. तिनं गाडी पंपाशी लावली, इंजिन बंद केलं आणि उतरण्याऐवजी फोन हातात घेतला. अ‍ॅपनं फोनच्या जीपीएसवरून आपण कुठल्या पंपावर आहोत ते ओळखलं, स्टेशनचं नाव आणि पत्ता दाखवला. पुढं मात्र त्यानं विचारलं, पंप क्रमांक कोणता?

मला आधी हे विचित्र वाटलं. स्टेशन ओळखता येतं, मग पंप का नाही? कारण सरळ आहे. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतं. पंपावर तर डोक्यावर पत्र्याचं मोठं छत असतं, त्याखाली ते आणखी डळमळतं. आणि पेट्रोल देणाऱ्या एकाच यंत्राच्या दोन बाजूंना दोन वेगळे क्रमांक असतात. एका बाजूला पाच, पाठीमागे सहा, मध्ये फार तर दीड हात जाडीचं यंत्र. एवढ्या बारीक अंतरात फोनला फरक कळत नाही. म्हणून हे काम माणसाकडे सोपवलेलं आहे. काही ठिकाणी क्रमांक निवडण्याऐवजी पंपावर चिकटवलेला क्यूआर कोड गाडीच्या काचेतून टिपायचा असतो. उद्देश तोच.

साऱ्या व्यवहारातली सर्वांत नाजूक जागा हीच, असं माझं मत झालं. पुढचं सगळं यंत्र करतं आणि बहुधा बरोबर करतं. क्रमांक माणूस सांगतो, आणि सांगताना तो खांबावरचा आकडा बघतो की अंदाजानं ठोकतो, हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. तुम्ही सहावर उभे असताना पाच निवडलात, तर पाचचं कुलूप तुमच्या पैशानं उघडतं. पलीकडे नुकताच गाडी लावून उतरलेला माणूस नोझल उचलतो आणि त्याच्या दृष्टीनं सगळं नेहमीसारखंच चालू होतं.

क्रमांक दिल्यावर भाचीनं बोटाचा ठसा दिला. ब्रिटनमध्ये मार्च 2022 पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना ग्राहकाची दुहेरी ओळख पटवावी लागते, त्याचाच हा भाग. ठसा दिल्यानंतरच्या काही सेकंदांत बरीच निरोपांची ये-जा होते. अ‍ॅप तेल कंपनीच्या सर्व्हरला सांगतं, की या ग्राहकाला अमुक स्टेशनवरचा सहा नंबर हवा. सर्व्हर बँकेकडे ठरावीक रकमेची मंजुरी मागतो. बँकेचा होकार आला की निरोप त्या स्टेशनच्या दुकानात, काउंटरच्या मागे बसवलेल्या एका खोक्याकडे जातो. याला फोरकोर्ट कंट्रोलर म्हणतात. स्टेशनवरचे सगळे पंप याच्या ताब्यात असतात. कॅशिअर एरवी आपल्या पडद्यावरचं बटण दाबून पंप चालू करून देतो, तेव्हाही आज्ञा याच खोक्यातून जाते. अ‍ॅपनं फक्त ते बटण दूरवरून दाबलं. गिल्बार्को, वेन, टोकहाइम अशा निरनिराळ्या कंपन्यांचे पंप हा निरोप समजू शकतात, यामागे इंटरनॅशनल फोरकोर्ट स्टँडर्ड्स फोरम या संस्थेनं ठरवलेल्या समान नियमांचा मोठा हात आहे.

आता अडवून ठेवलेल्या रकमेबद्दल. आयपीओला अर्ज केला की पैसे खात्यातच ब्लॉक होतात, शेअर मिळाले तर तेवढेच कापले जातात आणि उरलेले मोकळे होतात, हे आपल्याकडे अनेकांच्या अंगवळणी पडलं आहे. पंपावरही तसंच. पूर्वी ब्रिटनमध्ये पंपावरच कार्ड घालून पैसे देताना बँकेला फक्त एका पौंडाची मंजुरी विचारत. कार्ड जिवंत आहे ना, एवढंच त्यातून कळे. खात्यात दहा पौंड असताना माणूस साठ पौंडांचं पेट्रोल भरून जाऊ शकत होता. 2018 च्या सुमारास व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नव्या नियमांनुसार ही रक्कम 99 पौंड करायला सुरुवात झाली. त्यावर बराच गदारोळ झाला, कारण काही ग्राहकांचे 99 पौंड लगेच सुटेनात. पुढे इंधन महागल्यावर काही ठिकाणी हा आकडा 120 पर्यंत गेला.

त्या नियमांत एक चांगली गोष्टही होती, तिची चर्चा कमी झाली. खात्यात पुरेसे पैसे नसतील तर बँक सरळ नकार न देता ‘एवढेच आहेत’ असं सांगू शकते. समजा, 100 पौंडांची मंजुरी मागितली आणि बँकेनं 45 ची दिली. मग कंट्रोलर सहा नंबरच्या पंपाला तीच मर्यादा घालून देतो. 139.9 पेन्स दरानं 45 पौंडांत 32.17 लिटर बसतं. तिथं आल्यावर नोझल कितीही दाबून धरा, पंप थांबतो. टाकी अर्धवट भरून पंप मध्येच थांबला, तर यंत्र बिघडलं असं समजण्याआधी मीटरवर गोल आकडा दिसतो का ते बघावं. 45.00 वर थांबलेला पंप बिघडलेला नसतो.

अ‍ॅपवर ‘आता भरा’ असं आलं तेव्हा मी फोन हातात घेऊनच दार उघडायला लागलो. भाची म्हणाली, ‘मामा, फोन आतच राहू दे.’ पंपाजवळ फोन वापरू नका, अशा पाट्या तिथंही आहेत. फोनच्या ठिणगीनं पेट्रोल पेटण्याचा धोका फार थोडा मानला जातो. हातातल्या नोझलवरून लक्ष उडतं, ही चिंता अधिक खरी आहे. काही असो, अ‍ॅपचा सारा क्रम याच नियमाभोवती बेतलेला आहे. फोनवरचं काम गाडीत, भरण्याचं काम बाहेर आणि पावती पुन्हा गाडीत.

कुलूप उघडल्यावर ते कायम उघडं राहत नाही. अ‍ॅपनुसार कमी-जास्त, पण थोडक्या वेळात नोझल उचललं नाही, तर परवानगी रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कुणी दुसऱ्यानं येऊन त्या परवानगीवर पेट्रोल भरू नये, म्हणून हा बंदोबस्त आहे. शिवाय ती एकाच वेळेपुरती असते. थोडं भरून नोझल खोबणीत ठेवलं आणि आणखी दोन लिटर भरावं म्हणून पुन्हा उचललं, तर दुसऱ्यांदा ते अ‍ॅपच्या हिशेबात धरलं जात नाही.

नोझल उचललं की मीटर शून्यावर येतं, आत मोटर घरघरू लागते. पेट्रोल वाहताना आतला मोजणीयंत्राचा भाग फिरतो आणि प्रत्येक फिरण्याचे विजेचे बारीक ठोके तयार होतात. पंपाचा छोटा संगणक ते मोजून लिटर काढतो आणि त्या क्षणी स्टेशनवर लागू असलेल्या दरानं गुणतो. हा दर स्टेशनच्या कंट्रोलरमधून आलेला असतो. अ‍ॅपच्या नकाशावर घरून निघताना वेगळा दर दिसला असेल, तरी बिल पंपावरच्या दरानंच होतं. एखाद-दोन पेन्सच्या फरकावरून लोक अ‍ॅपला शिव्या देतात, पण त्या नकाशाचा आणि मीटरचा थेट संबंध नसतो.

त्या दिवशीचा हिशेब असा होता. दर लिटरला 139.9 पेन्स, भरलं 38.42 लिटर. गुणाकार येतो 5374.958 पेन्स, म्हणजे पूर्णांकात 53 पौंड 75 पेन्स. पंपावर हाच आकडा, पावतीवर हाच आणि बँकेकडे जाणाराही हाच. त्यात 20 टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो, तो पावतीवर वेगळा दाखवतात. इथं तो 8 पौंड 96 पेन्स होता. वर काही जोडलं जात नाही.

पण हा आकडा अंतिम केव्हा होतो? टाकी भरून नोझल खट्कन बंद होतं तेव्हा नव्हे. नोझल खोबणीत परत ठेवलं की तिथली कळ दाबली जाते आणि पंप कंट्रोलरला कळवतो, की विक्री संपली. त्यानंतरच 53.75 हा आकडा स्टेशनमधून सर्व्हरकडे आणि सर्व्हरकडून बँकेकडे जातो. बँक अडवलेल्या 100 पौंडांतून तेवढे घेते, बाकीचे सोडते आणि पावती फोनवर येते. नोझल तिरकं अडकवलं, कळ नीट दाबली गेली नाही, की पंपाच्या लेखी विक्री अजून चालूच असते. गाडीत बसून ‘पावती का येत नाही’ म्हणून नेटवर्कला दोष देणाऱ्यानं एकदा मागे वळून नोझलकडे पाहावं.

नेटवर्कचं म्हणाल, तर लोकांना वाटतं तितका इथं फोनचा सहभाग नाही. परवानगी मिळाल्यानंतर फोन बंद पडला तरी पेट्रोल भरता येतं आणि हिशेबही पुरा होतो, कारण पुढचं बोलणं स्टेशन आणि सर्व्हर यांच्यात चालतं. फोनवर फक्त पावती उशिरा दिसते. स्टेशनचीच लाइन तुटलेली असेल, तर अ‍ॅप पंप निवडूच देत नाही. भरता भरता तुटली, तर कंट्रोलर आकडा जपून ठेवतो आणि लाइन आल्यावर पाठवतो.

खरी गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. अ‍ॅपनं परवानगी दिली नाही, मुदत संपली किंवा आपण चुकीचा क्रमांक दिला, आणि तरीही आपला पंप चालू झाला. हे कसं? दुकानातल्या कॅशिअरनं आपल्याला नोझल उचलताना पाहिलं आणि नेहमीप्रमाणे बटण दाबून पंप सोडला. त्याच्या दृष्टीनं तुम्ही आत येऊन पैसे देणारे गिऱ्हाईक. तुमच्या दृष्टीनं अ‍ॅपनं काम केलं. मोटर दोन्ही प्रकारांत सारखीच घरघरते, मीटर सारखंच पळतं. तुम्ही नोझल ठेवता, गाडीत बसता आणि निघून जाता. काउंटरवरच्या पडद्यावर मात्र सहा नंबरपुढे 53.75 न भरलेले दिसत राहतात, आणि गाडीचा नंबर टिपणारे कॅमेरे बहुतेक पंपांवर असतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पैसे न देता निघून जाणं हा 1978 च्या थेफ्ट अ‍ॅक्टच्या कलम 3 खाली गुन्हा आहे. त्यासाठी हेतू अप्रामाणिक असावा लागतो, त्यामुळे अशी भाबडी चूक करणारा बहुधा तुरुंगात जात नाही. पण पैसे मागणारं पत्र घरी येणं आणि पुढचा पत्रव्यवहार, एवढा मनस्ताप पुरे असतो. यावर उपाय एकच आणि सोपा: अ‍ॅपवर पावती दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पावतीवरचा पंप क्रमांक आणि लिटर समोरच्या मीटरशी जुळतात का, हेही तिथल्या तिथं बघून घ्यायचं. जुळत नसतील किंवा पावतीच आली नसेल, तर आत जाऊन कॅशिअरला विचारायचं. सहा नंबरचे पैसे आले की नाहीत, हे त्याला त्याच्या पडद्यावर दिसतं. भाची तर मागे गाडी थांबलेली असली तरी पावती येईपर्यंत शांतपणे बसून राहते. मागच्याची चुळबुळ मलाच सहन होत नव्हती.

चुकीचा क्रमांक दिल्याची शंका नोझल उचलतानाच येऊ शकते. फोन म्हणतो ‘भरा’, पण समोरचा पंप ढिम्म. अशा वेळी कॅशिअरनं पंप सोडण्याची वाट बघू नये. नोझल परत ठेवावं, खांबावरचा आकडा वाचावा आणि अ‍ॅपमधला व्यवहार रद्द करावा. काहीच भरलं गेलं नसेल, तर शून्य विक्रीची नोंद होते आणि अडवलेली रक्कम सुटते.

सुटते, पण कधी? तेल कंपनीकडून अंतिम आकडा लवकर जातो. तो मिळाल्यावर जुनी अडवणूक काढायला कुठली बँक किती वेळ घेते, यावर उरलेलं अवलंबून असतं. काही बँकांत मिनिटांत होतं, काहींत दिवस लागतात. तोवर बँकेच्या अ‍ॅपमध्ये एक 100 पौंडांची ओळ आणि एक 53.75 ची, अशा दोन ओळी दिसू शकतात आणि दोनदा पैसे गेल्याचा भास होतो. पहिल्या ओळीपुढे ‘पेंडिंग’ असेल, तर ते पैसे गेलेले नाहीत, अडकलेले आहेत. क्रेडिट कार्डावर हे फारसं टोचत नाही, मर्यादा थोडी कमी दिसते एवढंच. डेबिट कार्डावर मात्र स्वतःचेच पैसे काही काळ वापरता येत नाहीत. भारतातून फॉरेक्स कार्ड घेऊन मुलांकडे जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. कार्डावर दीडशे पौंड असतील आणि शंभर अडकले, तर संध्याकाळच्या किराण्याला पन्नासच उरतात.

जर्मनीत बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. तिथं पंप आधीपासून उघडाच, आधी भरायचं आणि मग द्यायचं. गाडीत परत बसून अ‍ॅपमध्ये क्रमांक निवडला, की कंट्रोलरकडून आलेले लिटर आणि रक्कम पडद्यावर दिसतात आणि तेवढ्याच रकमेला आपण मंजुरी देतो. मोठी रक्कम अडवण्याची गरजच राहत नाही. क्रमांक चुकला तर समोर दुसऱ्याच कुणाचं बिल येतं. आपण चाळीस लिटर भरलं आणि पडद्यावर अकरा दिसले, तर ते आपलं नाही हे लगेच कळतं. मला हा क्रम अधिक सरळ वाटतो. पण त्यासाठी माणूस भरून झाल्यावर पैसे देईल, असा भरवसा आधी ठेवावा लागतो.

आपल्याकडे नोझल कर्मचाऱ्याच्या हातात असतं, त्यामुळे पंप निवडण्याचा प्रश्न सहसा येतच नाही. ‘पाचशेचं टाका’ म्हटलं की तो पाचशे बटणांवर टाकतो, आकडा आधीच ठरतो आणि यूपीआयनं तो देता येतो. भारत पेट्रोलियमच्या ‘यूफिल’मध्ये ग्राहक आधी अ‍ॅपवरून रक्कम भरतो आणि त्या रकमेचं पेट्रोल घेतो. कमी भरलं गेलं, तर उरलेले पैसे परत येतात. 2023 मध्ये टोनटॅग या भारतीय कंपनीनं एमजी हेक्टर गाडी आणि भारत पेट्रोलियमचा पंप घेऊन डॅशबोर्डवरूनच यूपीआयनं पैसे देण्याचा प्रयोग दाखवला. गाडी पंपाशी आली की पडद्यावर पंपाचा क्रमांक दिसतो, चालक रक्कम टाकतो आणि पंपाजवळचा साउंडबॉक्स ती मोठ्यानं सांगतो. ती ऐकून कर्मचारी तेवढं पेट्रोल भरतो.